टीम वाईट बातमी माझ्यापर्यंत येऊ देत नाही: मॅनेजर नेहमी विचारतात ते प्रश्न

माझ्या हाताखालच्या माणसांनी एक मोठी अडचण माझ्यापासून सात आठवडे लपवून ठेवली होती. ती का लपवली, हे समजून घ्यायला मला त्याहून जास्त वेळ लागला. त्यानंतर इतर मॅनेजर मंडळींशी या विषयावर बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत.

सगळं ठीक चाललंय असं दिसतं. टीम काही लपवते आहे हे कळणार कसं?

मला ते एक्सेलच्या एका टॅबवरून कळलं. आम्ही नऊ जण होतो आणि काम चौदा आठवड्यांचं होतं: ग्राहकांच्या जुन्या नोंदी नव्या सिस्टीममध्ये आणायच्या. बाराव्या आठवड्यात टेस्टिंग करणारी सहकारी स्क्रीन शेअर करून मला दुसरंच काहीतरी दाखवत होती. शीटच्या तळाशी चार-पाच टॅब होते, त्यातल्या एकाचं नाव होतं ‘नंतर बघू’. मी सहज म्हटलं, हा उघड ना. ती दोन-तीन सेकंद थांबली, मग तिने तो उघडला. आत २१२ ओळी होत्या. प्रत्येक ओळीत एक चुकलेली जन्मतारीख होती आणि पहिली ओळ पाचव्या आठवड्यात लिहिलेली होती. मधल्या काळात मी सात आढावा बैठका घेतल्या होत्या आणि सातही वेळा डेटाच्या रकान्यात हिरवा रंग होता.

तेव्हापासून मी हिरव्या रंगाकडे वेगळ्या नजरेने बघते. चौदा आठवड्यांच्या कामात एकदाही काही पिवळं होत नसेल, तर काम चांगलं चाललंय असं मानण्याआधी मी अहवाल तपासते. ‘९० टक्के झालं’ हे सलग तीन आठवडे ऐकू आलं तर मी उरलेले १० टक्के काय आहेत ते मोजून मागते. बैठकीत कुणीच प्रश्न विचारत नाही आणि बैठक संपल्यावर दोघं-तिघं बाजूला जाऊन बराच वेळ बोलत राहतात, हीही एक खूण आहे.

पण सगळ्यात भरवशाचं मोजमाप तारखांचं आहे. आजवर ज्या ज्या अडचणी तुमच्यापर्यंत आल्या, त्यांतल्या पाच घ्या. प्रत्येकीपुढे दोन तारखा लिहा: टीममधल्या पहिल्या माणसाला ती कधी कळली आणि तुम्हाला कधी कळली. एक-दोन दिवसांचा फरक असेल तर काळजीचं कारण नाही. आठवड्यांचा फरक असेल, तर मधल्या काळात ती बातमी कुठे अडकली होती, हा खरा प्रश्न आहे.

म्हणजे ही माणसं माझ्याशी खोटं बोलत होती?

मलाही पहिल्या रात्री तसंच वाटलं होतं. मग मी ती बातमी माणसागणिक मागे मागे शोधत गेले. खोटं कुणीच बोललं नव्हतं.

अडचण अशी होती. जुन्या नोंदी दोन ठिकाणांहून आल्या होत्या. एका ठिकाणी तारीख दिवस-महिना अशी लिहीत, दुसऱ्या ठिकाणी महिना-दिवस. त्यामुळे ०३-०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे नुसतं बघून सांगता येत नाही. दिवस १२ च्या पुढचा असेल तर प्रोग्रॅम अडतो, कारण तेरावा महिना नसतो. १२ पर्यंतच्या तारखा मात्र काहीही आवाज न करता उलट्या बसतात. आमच्या डेव्हलपरला हे पाचव्या आठवड्यात लक्षात आलं. तो टीम लीडला म्हणाला, “तारखांमध्ये थोडा घोळ दिसतोय, किती ते अजून माहीत नाही.” लीडने स्वतःशी विचार केला की दोन आठवड्यांत हे निस्तरू, आत्ताच वर कशाला सांगायचं. त्याने अहवालात लिहिलं, “डेटा तपासणी सुरू, काही नोंदींवर जास्त लक्ष.” मी ते वाचलं आणि मला वाटलं, वा, बारकाईने काम चाललंय.

प्रत्येकाने बातमी थोडी मऊ केली, एवढंच. ‘घोळ आहे’चं ‘थोडा घोळ’ झालं, त्याचं ‘जास्त लक्ष’ झालं, आणि माझ्यापर्यंत ते कौतुकाच्या गोष्टीसारखं पोहोचलं. मधे फक्त दोन माणसं होती. ज्यांच्या आणि टीमच्या मधे चार पायऱ्या आहेत, त्यांच्यापर्यंत काय पोहोचत असेल याचा विचार करा.

मी कधी कुणावर ओरडत नाही. ‘केव्हाही येऊन सांगा’ असं मी स्वतः म्हणते. मग भीती कशाची?

हा प्रश्न मी टीमला विचारला तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी एकाने आठ महिन्यांपूर्वीच्या एका बैठकीची आठवण करून दिली. मला ती नीटशी आठवतही नव्हती.

त्या बैठकीत एका सहकाऱ्याने स्वतःहून सांगितलं होतं की त्याचं काम आठवडाभर मागे पडणार आहे. मी आवाज चढवला नाही. पण सगळ्यांसमोर वीस मिनिटं त्याला प्रश्न विचारत राहिले. आधी का नाही सांगितलं? अंदाज कशावरून केला होता? मागच्या सोमवारी काय स्थिती होती? मग म्हटलं, आता रोज संध्याकाळी मला एक छोटा अहवाल पाठवत जा, म्हणजे मला मदत करता येईल. ते रोजचे अहवाल तीन आठवडे चालले.

माझ्या मनात ती मदत होती. खोलीतल्या इतर आठ जणांनी मात्र एक साधा हिशेब पाहिला. त्याच आठवड्यात आणखी दोघांचं काम मागे होतं. त्यांनी तोंड उघडलं नाही, आणि त्यांच्यामागे रोजचा अहवाल लागला नाही. खरं बोललेल्याच्या कामाच्या दिवसातला पाऊण तास गेला, वर सगळ्यांसमोर उलटतपासणी झाली. ‘केव्हाही येऊन सांगा’ हे माझं वाक्य त्यांनी ऐकलं होतं, पण विश्वास त्यांनी त्या वीस मिनिटांवर ठेवला.

भीती म्हटली की नोकरी जाण्याची भीती डोळ्यांसमोर येते. माझ्या टीमने सांगितलेल्या भीती कितीतरी लहान होत्या: सगळ्यांसमोर उत्तर न सुचण्याची, ‘हा नेहमी रडगाणं गातो’ असा शिक्का बसण्याची, मधल्या लीडला न विचारता वर गेलो तर तो दुखावेल याची. एकजण तर म्हणाली, “मॅडम, तुम्ही त्या महिन्यात आधीच खूप ताणात होतात, तुम्हाला आणखी त्रास नको म्हणून.” म्हणजे यात काळजीही होती.

यातलं सगळंच माझ्यामुळे आलेलं नव्हतं, हेही सांगायला हवं. जेम्स डेटर्ट आणि एमी एडमंडसन यांनी २०११ साली यावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांना आढळलं की माणसं काही न बोललेले नियम मनात घेऊनच नोकरीवर येतात: ठोस पुरावा किंवा उपाय हातात नसेल तर बोलू नये, वरिष्ठाला चारचौघांत अडचणीत आणू नये, त्याला डावलून त्याच्या वरच्याकडे जाऊ नये. हे नियम आधीच्या नोकऱ्यांत, त्याही आधी शाळेत आणि घरात पक्के झालेले असतात. त्यामुळे तुम्ही कधीच काही वावगं केलं नसलं तरी सुरुवात शून्यापासून होत नाही, शून्याच्या खालून होते. आणि मग तुमची एक वीस मिनिटांची बैठक त्या जुन्या नियमांना पुरावा पुरवते.

‘अडचण आणायची तर सोबत उपायही आणा’ असं मी टीमला सांगते. त्यात काय चुकलं?

मीही वर्षानुवर्षं हेच सांगत होते. किरकोळ अडचणींसाठी ते चालतं. पण ज्या अडचणीचा उपाय त्या माणसाला माहीतच नाही, नेमकी तीच तुम्हाला सगळ्यात आधी कळायला हवी, आणि या वाक्यामुळे नेमकी तीच अडकून राहते.

आमचा डेव्हलपर उपाय शोधत होता. सात आठवडे प्रामाणिकपणे शोधत होता. पाचव्या आठवड्यात प्रत्येक नोंदीपुढे ती कुठून आली त्याचा कोड होता. कुठल्या ठिकाणी तारीख कशी लिहितात हे ग्राहकाला एक फोन करून विचारलं असतं, तर दोन दिवसांचं काम होतं. पण ग्राहकाला फोन करणं त्याच्या अधिकारात नव्हतं, माझ्या होतं. नवव्या आठवड्यात दोन्हीकडच्या नोंदी एकत्र झाल्या आणि तो कोडचा रकाना काढून टाकला गेला. बाराव्या आठवड्यात मला कळलं तेव्हा जुन्या प्रतींवरून सगळं पुन्हा जुळवावं लागलं. त्याला तीन आठवडे लागले आणि ठरलेली तारीख हुकली.

आता मी म्हणते: अडचण कच्ची असेल तेव्हाच आणा, उपाय आपण मिळून बघू. सोबत एवढंच सांगा की तुम्हाला काय दिसलं, किती खात्री आहे, आणि माझ्याकडून काय हवंय. ‘माहीत नाही’ हे तिन्हींचं चालणारं उत्तर आहे.

लपवलेलं आत्ताच उघडकीला आलंय. पहिल्या दिवशी काय करू?

त्या दिवशी फक्त अडचणीबद्दल बोला. कुणी लपवलं, का लपवलं, हे त्या दिवशी विचारू नका. तुमचा चेहरा, तुमचा पहिला फोन, तुम्ही कुणाला खोलीत बोलावता, हे सगळं टीम बघत असते. त्या दिवशी जे घडेल त्यावरून पुढची कित्येक महिन्यांची रीत ठरते.

मी त्या टेस्टिंगवाल्या सहकारीला एवढंच म्हटलं, “ही यादी तू ठेवलीस म्हणून आज आपल्याला किती नोंदी तपासायच्या ते माहीत आहे. यातलं सगळ्यात वाईट काय आहे ते दाखव.” ते खरंच होतं. यादी नसती तर आम्ही अंधारात असतो. आतून माझे हात थरथरत होते. पुढचे दोन तास आम्ही फक्त तारखांवर काम केलं.

मग एकेकाशी बोलताना काय विचारायचं?

तीन-चार दिवसांनी, एकेकट्याशी, आणि आधी स्वतःबद्दल बोलून. “तुम्ही मोकळेपणाने बोला” या वाक्याने कुणी मोकळं होत नाही. मी त्या जुन्या बैठकीचा विषय स्वतः काढला. म्हटलं, मी तेव्हा वीस मिनिटं प्रश्न विचारले आणि वर रोजचा अहवाल लावला, ते चुकलं. खुलासा जोडला नाही, ‘पण माझा हेतू’ असं काही म्हटलं नाही.

त्यानंतर दोनच प्रश्न: “तुला हे पहिल्यांदा कधी जाणवलं?” आणि “तेव्हा मला सांगितलं असतं तर काय होईल असं वाटलं होतं?” दुसऱ्या प्रश्नात सगळं आहे. ‘का नाही सांगितलं’ असं विचारलं की माणूस स्वतःचा बचाव करू लागतो. ‘काय होईल असं वाटलं’ विचारलं की तो तुमच्याबद्दल बोलू लागतो, आणि तुम्हाला तेच ऐकायचं असतं. विचारून झाल्यावर गप्प बसा. मी मनात वीसपर्यंत मोजायचे. बहुतेकांनी पंधराच्या आसपास तोंड उघडलं.

जे ऐकाल त्यातली एखादी गोष्ट तरी त्याच आठवड्यात बदला आणि ती बदलल्याचं सगळ्यांना दिसू द्या. मी रोजच्या अहवालाची पद्धत कायमची बंद केली.

त्यापेक्षा नाव न घेता सर्व्हे घेतला तर?

नऊ जणांच्या टीममध्ये नाव लपत नाही, भाषेवरून कळतं, आणि हे सगळ्यांना माहीत असतं. मोठ्या विभागात कल समजायला सर्व्हेचा उपयोग होतो. पण २१२ ओळींचा टॅब सर्व्हेत सापडणार नाही.

वाईट बातमी समोर आल्यावर त्या क्षणी नेमकं काय बोलावं?

ॲलन मुलाली २००६ साली फोर्डचे प्रमुख झाले. ते दर आठवड्याला वरिष्ठ अधिकाऱ्यांची बैठक घेत आणि प्रत्येकाने आपल्या कामापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल रंग दाखवायचा असे. कंपनी त्या वर्षी १२ अब्ज डॉलरहून अधिक तोट्यात गेली, पण सुरुवातीच्या बैठकांमध्ये सगळे तक्ते हिरवे होते. मग मार्क फील्ड्स यांनी एका नव्या गाडीपुढे लाल रंग दाखवला. त्या गाडीत दोष आढळल्यामुळे तिचं काम थांबलं होतं. आता यांचं काही खरं नाही, असंच बाकीच्यांना वाटलं असणार. मुलालींनी टाळ्या वाजवल्या आणि यांना कोण मदत करू शकेल असं विचारलं. पुढच्या काही आठवड्यांत इतरांच्या तक्त्यांवरही पिवळे आणि लाल रंग उमटू लागले.

या गोष्टीतल्या टाळ्या लोक लक्षात ठेवतात. मला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो: बातमी सांगणाऱ्याच्या वाट्याला काम आलं नाही, मदत आली.

माझा स्वतःचा क्रम साधा आहे. आधी “बरं झालं आत्ता सांगितलंस.” मग ऐकलेलं माझ्या शब्दांत परत सांगते, म्हणजे मी घाईत काही गाळलं असेल तर कळतं. मग विचारते, “माझ्याकडून आज काय हवंय?” कारणांचे प्रश्न दुसऱ्या दिवशी. ‘आधी का नाही सांगितलं’ हे वाक्य मी पूर्ण सोडलंय, कारण कितीही हळू आवाजात विचारलं तरी ऐकणाऱ्याला ते ‘पुढच्या वेळी सांगूच नकोस’ असंच ऐकू जातं.

आपल्या मनाचाही भरवसा धरू नये. लेस्ली जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं की वाईट बातमी ज्याच्या तोंडून ऐकली तो माणूस ऐकणाऱ्याला नावडू लागतो, बातमीत त्याचा काहीही हात नसला तरी. हे नकळत होतं. म्हणून वर्षाअखेरीचं मूल्यमापन लिहिताना मी मुद्दाम पाहते, की ज्याने मला सगळ्यात जास्त वाईट बातम्या दिल्या त्याचे गुण मी कमी तर करत नाही ना. एका वर्षी तसं झालं होतं. मी ते दुरुस्त केलं.

मग चुकीला कुणीच जबाबदार नाही का? सगळं माफ?

नाही. चूक होणं, चूक सांगणं आणि चूक जाणूनबुजून दडपणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत विमान वाहतुकीत १९७६ पासून एक व्यवस्था चालू आहे. वैमानिक किंवा इतर कर्मचारी आपल्या हातून झालेली चूक नासाकडे कळवतात आणि त्यांची ओळख गुप्त राखली जाते. नकळत झालेला नियमभंग दहा दिवसांच्या आत कळवला, तर ठरलेल्या अटींमध्ये दंडातून सूट मिळते. अपघात, गुन्हा किंवा मुद्दाम केलेला भंग यांना ती सूट नाही.

मला यातली मुदत फार महत्त्वाची वाटते. माफी सरसकट नाही, ती लवकर सांगण्याला आहे. आमच्या टीममध्ये आता तसंच आहे: अडचण दिसल्यापासून दोन कामाच्या दिवसांत सांगितली तर ‘कुणामुळे’ हा प्रश्न निघत नाही, फक्त ‘कशामुळे’ निघतो. आकडे बदलले, पुरावा पुसला, दुसऱ्यावर ढकललं, तर मी कारवाई करते. ही रेघ मी आधीच सगळ्यांसमोर आखून ठेवली, कारण घटना घडल्यावर आखलेली रेघ माणूस बघून आखल्यासारखी वाटते.

मधला टीम लीडच बातम्या अडवतो. त्याला बाजूला करू का?

आधी त्याच्या जागी उभं राहून बघा. आमच्या लीडने पहिल्या दिवशी मला शब्द दिला होता की चौदा आठवड्यांत होईल, आणि तो शब्द मीच काढून घेतला होता. बातमी सांगणं म्हणजे शब्द मोडणं, असं त्याला वाटत होतं. आता मी त्याच्याकडून एक तारीख मागत नाही. कुठल्या तीन गोष्टी बिघडल्या तर तारीख हलेल, हे सुरुवातीलाच लिहून घेते. मग तिसऱ्या आठवड्यात त्यातली एक बिघडली की ती सांगणं हे त्याचं अपयश राहत नाही, यादीतली एक खूण केल्यासारखं होतं. शिवाय दर पंधरा दिवसांनी मी प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या शेजारी तासभर बसते, लीडच्या समोर आणि त्याच्या माहितीने. त्याच्या पाठीमागून माहिती काढली तर तो आणखी घट्ट मिटतो.

आणि मी स्वतः माझ्या वरिष्ठांना काय सांगते?

हा प्रश्न मला कुणी विचारला नाही, मीच स्वतःला विचारला. बाराव्या आठवड्यातल्या त्या संध्याकाळी माझा वरचा साप्ताहिक अहवाल जायचा होता. मी ‘काही नोंदींची फेरतपासणी’ असं लिहिलं आणि थांबले. लीडने सात आठवड्यांपूर्वी जे लिहिलं होतं, जवळजवळ तेच शब्द. मला काय वाटत होतं? आधी आवाका कळू दे, उपाय हाती येऊ दे, मग सांगू. डेव्हलपरच्या मनातलंच वाक्य माझ्या मनात होतं.

मी ते खोडलं आणि लिहिलं: “तारखा चुकल्या आहेत. २१२ सापडल्या, आणखी असतील. ठरलेली तारीख बहुधा हुकेल. किती, ते शुक्रवारी सांगते.” तो अहवाल मी टीमलाही पाठवला. त्यानंतर दोघंजण आपापल्या जागेवरून उठून माझ्याकडे आले आणि त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या, ज्या कुठल्याच शीटमध्ये नव्हत्या.

बदल होतोय हे कळायला किती वेळ लागतो? आणि अडचणी वाढल्यासारख्या दिसल्या तर?

वाढलेल्याच दिसतील. एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या चालणाऱ्या टीममध्ये चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती, पण तिथे नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. त्या टीम जास्त चुकत होत्या असं नव्हे, तिथे चुकांबद्दल बोलता येत होतं. त्यामुळे पहिल्या दोन-तीन महिन्यांत लाल रंग वाढला म्हणून घाबरून वर ‘टीम घसरली’ असं कळवू नका. माझ्या वरिष्ठांना मी हे आधीच सांगून ठेवलं होतं.

आमच्याकडे पहिले दोन महिने फक्त किरकोळ बातम्या आल्या. टीम मला तपासत होती, लहान खडा टाकून पाणी किती खोल आहे ते बघत होती. तिसऱ्या महिन्यात मी एकदा घसरले. फोनवर असताना एकाने अडचण सांगितली आणि मी “आता हे काय नवीन!” असं बोलून गेले. पुढचे दहा दिवस शांतता. मग मी बैठकीत सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली, तेव्हा कुठे ओघ पुन्हा सुरू झाला.

मी अजूनही दोन तारखांची ती वही ठेवते. सुरुवातीला पहिल्या माणसाला कळणं आणि मला कळणं यात सात आठवड्यांचं अंतर होतं, वर्षभराने ते साधारण तीन दिवसांवर आलं. ‘नंतर बघू’ नावाचा टॅब अजून आहे, पण आता तो टीमच्या सामायिक फाइलमध्ये पहिल्या जागी असतो आणि सोमवारची बैठक त्याच्यापासून सुरू होते. मागच्या सोमवारी त्यात चार ओळी होत्या. त्यातली एक मी लिहिली होती.